एचडीएमआय केबलची खरी परीक्षा

घराचं इंटिरियर होत असताना टीव्हीच्या भिंतीत एक पाइप पुरतात आणि त्यातून एचडीएमआय केबल ओढून घेतात. वर प्लास्टर, पुट्टी, रंग, मग लाकडी पॅनेल. केबल एकदा आत गेली की पुढची दहा वर्षं तिचं फक्त टोक दिसतं. काम ताब्यात देताना वायरिंगवाला खिशातून छोटा टेस्टर काढतो. त्याचा एक भाग केबलच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. बटण दाबलं की दिव्यांची रांग एकेक करून पेटत जाते. ‘बघा साहेब, सगळे लागले. केबल ओके.’

तो खोटं बोलत नसतो. पण त्या दिव्यांनी जेवढं तपासलं, त्याहून पुष्कळ जास्त आपण त्यांच्यावरून गृहीत धरतो. टीव्ही साधा असेल, सेट टॉप बॉक्स आणि सिनेमे एवढंच बघायचं असेल, तर त्यानं काही बिघडत नाही. घरात पीएस5 किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स येतो आणि टीव्ही ‘फोर-के, १२० हर्ट्झ’ म्हणून घेतलेला असतो, तेव्हा मात्र केबलकडून तिच्या कुवतीच्या टोकाचं काम मागितलं जातं. मग खेळता खेळता पडदा दोन सेकंद काळा होतो, परत येतो. दुकानदार टीव्हीला दोष देतो, टीव्हीचा माणूस कन्सोलला. केबलवर कुणी संशय घेत नाही, कारण तिचे दिवे लागले होते.

हा टेस्टर नेमकं काय करतो? एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. टेस्टर एका टोकाच्या पिनेवर बॅटरीचा बारीकसा दाब देतो आणि दुसऱ्या टोकाच्या त्याच पिनेवर तो पोचतो का, एवढंच बघतो. तार सलग आहे का, दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर नाहीत ना, जुळवणीत अदलाबदल झालेली नाही ना, याची उत्तरं त्यातून मिळतात. ही उत्तरं निरुपयोगी अजिबात नाहीत. पाइपातून ओढताना केबलला हिसका बसून प्लगच्या मुळाशी एखादी तार तुटणं हा नेहमीचा प्रकार आहे, आणि तो याच टेस्टरवर सापडतो. दिवे चालू ठेवून प्लगच्या मागचा भाग हलक्या हातानं डावीकडे-उजवीकडे वळवून बघा. एखादा दिवा लुकलुकला तर ती केबल तिथेच बाद करावी, पुढचं काही तपासायची गरज नाही.

एक-दोन दिव्यांचा अर्थ वेगळा लावावा लागतो. १४ क्रमांकाचा दिवा जुन्या किंवा स्वस्त केबलीत लागत नाही, कारण ती तार मुळात टाकलेलीच नसते. तिच्यावाचून चित्र येतं, पण टीव्हीचा आवाज साउंडबारकडे परत नेणाऱ्या सोयीला हीच तार लागते. म्हणून चित्र छान आणि साउंडबार मुका, अशी तक्रार असेल तर आधी या दिव्याकडे बघावं. उलट, केबल ऑप्टिकल असेल तर चित्राच्या तारांचे दिवे लागणारच नाहीत. त्यात चित्र काचेच्या तंतूतून उजेडाच्या रूपात जातं. तिथे तांब्याची तार नाही, मग टेस्टरचा दाब पोचणार कुठून? चांगली महागडी ऑप्टिकल केबल या टेस्टरवर ‘तुटलेली’ दिसते, हे वायरिंगवाल्यालाही सांगून ठेवावं.

आता खरा मुद्दा. टेस्टर तारेतून जो दाब पाठवतो तो स्थिर असतो. चित्र जाताना त्याच तारेतून सेकंदाला अब्जावधी वेळा चढउतार करणारे इशारे जातात. गल्लीतून सायकल गेली म्हणून एसटी जाईलच असं नाही. टेस्टर सायकल चालवून दाखवतो.

अब्जावधी म्हणजे किती, ते एकदा नीट बघू. फोर-के चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. पण तारेवरून जाताना प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी रिकामी जागा सोडलेली असते. ती धरून एक चित्र ४४०० गुणिले २२५० ठिपक्यांचं होतं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे सुमारे ५९.४ कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला आठ-आठ बिट, म्हणजे एकूण २४. वर वाहतुकीसाठीचं वेष्टण, ज्यात दर आठ बिटांचे दहा होतात. हा गुणाकार सेकंदाला १७.८२ गिगाबिटवर जातो. एचडीएमआय २.० या मानकाची मर्यादा १८ गिगाबिट आहे ती या हिशेबाला धरूनच.

चित्रं सेकंदाला ६० ची १२० केली आणि रंगाचे बिट आठाचे दहा केले की निव्वळ चित्रच ३५.६४ गिगाबिटचं होतं. एचडीएमआय २.१ मध्ये वेष्टण हलकं केलं आहे, दर १६ बिटांमागे १८, तरी बेरीज ४० च्या घरात जाते. हे ओझं तारांच्या चार जोड्यांवर वाटलेलं असतं, म्हणजे प्रत्येक जोडीवर सेकंदाला दहा अब्ज बिट. एका बिटाला मिळणारा वेळ एका सेकंदाचा दहा अब्जावा भाग. तेवढ्या वेळात इशारा केबलमध्ये जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. पाच मीटरच्या केबलमध्ये कोणत्याही क्षणी असे अडीचशेच्या आसपास बिट एकामागे एक धावत असतात.

इतक्या वेगात तांब्याचा स्वभाव बदलतो. वीज तारेच्या गाभ्यातून न जाता पृष्ठभागाच्या पातळ थरातून जाते, त्यामुळे विरोध वाढतो. तारेभोवतीचं प्लास्टिकही थोडी ऊर्जा खातं. तार जितकी बारीक आणि लांब, तितका इशारा पुसट. जोडीतल्या दोन तारांची लांबी किंचित वेगळी असली तर एकीचा इशारा दुसरीपेक्षा उशिरा पोचतो, आणि दोन सेंटिमीटरच्या बिटात दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा मोठा ठरतो. केबल काटकोनात मुडपली असेल तर त्या जागी इशाऱ्याचा काही भाग उलटा फिरतो. स्थिर दाबावर चालणाऱ्या टेस्टरला यातलं काहीही दिसत नाही. त्याच्या लेखी पाच मीटरची चांगली केबल आणि पाच मीटरची टाकाऊ केबल सारखीच.

मग लोक कन्सोलकडे वळतात. हा मार्ग बरोबर आहे, पण त्यात एक फसवी पाटी आहे. एक्सबॉक्समध्ये Settings, General, TV & display options असं गेलं की 4K TV details नावाचा पडदा मिळतो. त्यावर फोर-के ६० हर्ट्झ, दहा बिट, एचडीआर, फोर-के १२० हर्ट्झ अशी यादी येते आणि समोर हिरव्या खुणा. त्या बघून केबल उत्तीर्ण झाल्याचं समाधान वाटतं. प्रत्यक्षात ती टीव्हीनं स्वतःबद्दल दिलेली माहिती आहे. जोडणी होताच टीव्ही कन्सोलला आपली एक छोटी यादी पाठवतो: मला अमुक आकाराचं चित्र चालतं, अमुक वेग चालतो. ही यादी चित्राच्या चार जोड्यांवरून येत नाही. ती १५ आणि १६ क्रमांकाच्या, अतिशय संथ तारांवरून येते. तिथला वेग चित्राच्या वेगाच्या लाखाव्या भागाच्या आसपास असतो. चित्राच्या जोड्या कितीही कमकुवत असल्या तरी यादी सुखरूप पोचते आणि हिरव्या खुणा उमटतात. टीव्ही काय करू शकतो हे त्या सांगतात, केबल काय वाहू शकते हे नाही.

म्हणजे टेस्टरचे दिवे आणि कन्सोलच्या खुणा, दोन्ही संथ वाटेवरचेच साक्षीदार. पूर्ण भार प्रत्यक्ष तारेवर टाकायचा आणि तो पलीकडे उतरला का हे बघायचं, याला दुसरा उपाय नाही. सुदैवानं हे काम घरातला कन्सोल करतो, त्याच्या दुसऱ्या पडद्यांवर.

पीएस5 चं आधी घेतो, कारण आपल्याकडे तो जास्त घरांत आहे. Settings मधून Screen and Video, तिथून Video Output. इथे HDR हे Always On वर ठेवा, 4K Video Transfer Rate हे Automatic वर, आणि १२० हर्ट्झचा पर्यायही Automatic वर. आता Video Output Information उघडा. या पडद्यावर दोन प्रकारची माहिती असते. एक, आत्ता प्रत्यक्ष कोणतं चित्र बाहेर जातं आहे. दुसरी, जोडलेला टीव्ही काय काय चालवून घेतो. दुसरी माहिती वर सांगितलेल्या यादीतलीच आहे, तिला केबलची परीक्षा म्हणून किंमत देऊ नका. पहिली वाचा.

तिथे 3840 x 2160, ६० हर्ट्झ, एचडीआर चालू आणि रंगाच्या जागी RGB असं दिसलं तर ती मोठी खूण आहे. दहा बिटांचं संपूर्ण रंगांचं फोर-के चित्र १८ गिगाबिटच्या जुन्या पद्धतीत मावत नाही; त्याला २२ पेक्षा जास्त लागतात. म्हणजे कन्सोल आणि टीव्ही यांच्यात नवी, वरची जोडणी झालेली आहे आणि केबल ती निभावते आहे. RGB च्या जागी YUV422 दिसलं तर रंगांची माहिती काटून ओझं कमी केलं आहे. मग तीन गोष्टी बघायच्या: टीव्हीचं ते पोर्ट वरच्या वेगाचं आहे का, टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टाचा वरचा दर्जा चालू आहे का, आणि वरचा Transfer Rate चुकून -1 वर तर राहिला नाही ना. तिन्ही ठीक असूनही YUV422 हटत नसेल तर केबल बदलून बघायची वेळ आली.

पुढची पायरी १२० हर्ट्झची. पीएस5 ची ती सेकंदाला १२० चित्रं साधारणतः त्या सोयीच्या खेळातच दिसतात. ‘फोर्टनाइट’ फुकट मिळतो आणि त्याच्या सेटिंगमध्ये १२० चा पर्याय आहे. तो चालू करून खेळ सुरू करा, मग खेळ बंद न करता पीएसचं बटण दाबून Settings मधल्या त्याच माहितीच्या पडद्यावर या. आता १२० हर्ट्झ दिसेल आणि रंगाच्या जागी YUV422. घाबरू नका, इथे ते बरोबर आहे. २०२० साली आलेला पीएस5 केबलवर ३२ गिगाबिटच्या पायरीपर्यंतच चढतो, त्यामुळे १२० ला तो रंग काटतोच, केबल कितीही उत्तम असली तरी.

एक्सबॉक्स सिरीज एक्स एक पायरी वर जातो, ४० पर्यंत. त्याच्या TV & display options मध्ये रिझोल्यूशन 4K UHD, वेग 120 Hz आणि Video fidelity & overscan मध्ये रंगाची खोली ३० बिट प्रति पिक्सेल ठेवली की मेनूसकट सगळं १२० वर जातं, खेळ लावावा लागत नाही. Video modes मधली Allow YCC 4:2:2 ची खूण मात्र काढून टाका. ती असली तर एक्सबॉक्सही रंग काटू शकतो आणि परीक्षा सोपी होऊन बसते.

आमच्या नात्यात, कोथरूडच्या एका घरी हा सगळा क्रम करून बघण्याची वेळ आली. भिंतीत पाच मीटरची साधी तांब्याची केबल. खोक्यावर ‘८के’ आणि ‘२.१’ असं ठळक छापलेलं. टेस्टरवर सगळे दिवे लागलेले, हलवूनही एकही न विझणारे. मावसभावाचा पीएस5 महिनोन्‌महिने बिनतक्रार चाललेला. मग त्याच्या मुलाच्या मित्राचा एक्सबॉक्स सुट्टीत घरी आला आणि १२० वर टाकताच पडदा काळा होऊ लागला. मधूनच दोन सेकंद अंधार, आवाजही बंद, मग सगळं पूर्ववत. मुलगा म्हणाला, ‘काका, एक्सबॉक्समध्येच काहीतरी लोचा आहे. पीएस5 ला कुठे होतंय?’

मुलाचा तर्क चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. आम्ही पीएस5 परत लावून माहितीचा पडदा उघडला. ६० ला RGB, खेळात १२० ला YUV422. दोन्ही अगदी स्थिर. म्हणजे केबल ३२ ची पायरी निभावते आहे. मग एक्सबॉक्सबरोबर आलेली छोटी केबल घेतली, कन्सोल उचलून टीव्हीच्या जवळ स्टुलावर ठेवला आणि भिंतीतली केबल वगळून थेट त्याच पोर्टात जोडला. तीच सेटिंग, तोच टीव्ही, तोच कन्सोल, फक्त केबल वेगळी. अर्धा तास बघत बसलो. अंधार आला नाही. परत भिंतीतल्या केबलवर आल्यावर काही मिनिटांत आला. भिंतीतली केबल ३२ ला पास, ४० ला नापास, हे तिथे ठरलं. टेस्टरवरचे दिवे, खोक्यावरचा ८के आणि एक्सबॉक्सच्या हिरव्या खुणा तिन्ही या काळात जसेच्या तसे होते.

या पद्धतीत सगळा भार एका गोष्टीवर आहे: हमखास चांगली अशी एक केबल हाताशी असणं. पीएस5 आणि सिरीज एक्स या दोन्हींच्या खोक्यात येणारी केबल वरच्या, म्हणजे ४८ गिगाबिटच्या प्रतीची असते. ती टीव्हीमागे कुठेतरी टाकून न देता जपून ठेवावी. तुलनेसाठी घरात तीच सर्वांत भरवशाची. आणि अदलाबदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबलही बदलली आणि पोर्टही बदललं, तर दोष कुणाचा होता ते कधीच कळत नाही.

दोष दिसतो कसा, हेही ओळखता यायला हवं. जुन्या, १८ गिगाबिटपर्यंतच्या पद्धतीत चित्रातली चूक दुरुस्त करण्याची सोय नव्हती. बिट चुकला की ठिपका चुकला. त्यामुळे गडद प्रसंगात पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकत, कधी आडव्या रेघा येत. केबल किती कमी पडते आहे याचा अंदाज त्या ठिपक्यांवरूनच येई. नव्या पद्धतीत जास्तीचे बिट पाठवून टीव्ही किरकोळ चुका आपणच दुरुस्त करून घेतो. ही सोय चांगली आहे, पण तिनं दोष लपतो. चुका दुरुस्तीच्या आवाक्यात आहेत तोवर चित्र निर्मळ दिसतं, आवाक्याबाहेर गेल्या की एकदम काळा पडदा. मधली अवस्था जवळजवळ नसतेच. म्हणून ‘चित्र तर छान दिसतंय’ हा पुरावा नव्या जोडणीत पुरेसा नाही. केबल काठावर असू शकते.

याच्या जोडीला दुसरी लपवाछपवी आहे. नव्या पद्धतीत कन्सोल आणि टीव्ही सुरुवातीला वेग ठरवतात. ठराविक नमुने पाठवून बघतात, जमलं नाही तर खालच्या पायरीवर उतरतात, तिथेही जमलं नाही तर थेट जुन्या पद्धतीवर. हे मुकाट्यानं होतं, पडद्यावर सूचना येत नाही. आपण १२० मागितले आणि ६० मिळाले, किंवा संपूर्ण रंग मागितले आणि काटलेले मिळाले, तर सोफ्यावरून ते कळणं कठीण. म्हणून माहितीचा पडदा वाचणं टाळू नये. शक्य असेल तर टीव्हीच्या बाजूनंही खात्री करावी. बऱ्याच टीव्हींच्या रिमोटवर माहितीचं बटण किंवा खेळासाठीचा वेगळा पट्टा असतो, त्यावर येणाऱ्या चित्राचा आकार आणि वेग दिसतो. कन्सोल म्हणतो मी काय पाठवलं, टीव्ही सांगतो मला काय मिळालं. दोघांचं जुळलं तर भरवसा.

परीक्षा पाच मिनिटांत उरकू नये. काठावरची केबल बराच वेळ गप्प राहू शकते. अर्धा-पाऊण तास पूर्ण वेगावर चालू ठेवा, मधूनच कन्सोल झोपवून उठवा, एचडीआर बंद-चालू करा, टीव्हीचं पोर्ट बदलून परत या. जोडणी नव्यानं ठरते ते हे क्षण, आणि कमकुवत केबल बहुतेकदा तिथेच अडखळते.

केबलला शिक्षा देण्याआधी मधली माणसं तपासावी. टीव्हीची सगळी पोर्टं सारखी नसतात. चारांपैकी दोनच १२० हर्ट्झ घेणारी, हे अजूनही सर्रास आढळतं. त्यातही वरचा दर्जा सेटिंगमधून चालू करावा लागतो आणि दर कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलेलं आहे. कन्सोल आणि टीव्हीच्या मध्ये आवाजाचा रिसीव्हर असेल तर परीक्षेपुरता त्याला बाजूला करा. २०२० साली डेनॉन, मरांट्झ आणि यामाहा यांच्या काही नव्या रिसीव्हरांत एचडीएमआय २.१ ची चिप सदोष निघाली होती. एक्सबॉक्स सिरीज एक्सचं फोर-के १२० चित्र त्यातून गेलं की पडदा काळा होई. त्या काळात किती निर्दोष केबली फेकल्या गेल्या असतील कोण जाणे. भिंतीतल्या टोकाला जोडलेला एक छोटा जोड, काटकोनी अडॅप्टर किंवा भिंतीवरची सॉकेटपट्टी हेही संशयित. प्रत्येक जोडात थोडा इशारा गळतो, आणि ४० गिगाबिटला तो थोडाही पुष्कळ होतो.

या घरगुती परीक्षेची मर्यादाही लक्षात असू द्यावी. एक्सबॉक्स ४० पर्यंत नेतो, पीएस5 ३२ पर्यंत. केबल पूर्ण ४८ वाहते का, हे या दोन्ही कन्सोलांवर सिद्ध होत नाही. ते तपासायला ४८ पाठवणारं ग्राफिक्स कार्ड आणि ४८ घेणारा टीव्ही लागतो, किंवा प्रयोगशाळेतली महागडी यंत्रं, जी इशाऱ्याचा आकार मोजतात. पण घरात जे यंत्र आहे त्याचं पूर्ण ओझं केबल वाहते का, हा प्रश्न घरच्यासाठी पुरेसा आहे. आणि केबल पास झाली की विषय संपला. पास झालेल्या केबलपेक्षा दसपट महाग केबल घेतल्यानं रंग अधिक गडद किंवा आवाज अधिक गोड होत नाही. बिट पोचले की पोचले.

विकत घेताना खोक्यावरच्या ‘२.१’ या आकड्याला फारसा अर्थ नाही. ते मानकाचं नाव आहे, केबलच्या प्रती वेगळ्या नावांनी ओळखल्या जातात. ४८ गिगाबिटच्या प्रतीचं नाव Ultra High Speed HDMI Cable असं आहे. खोक्यावर याच नावाचं अधिकृत लेबल, त्यावर होलोग्राम आणि क्यूआर कोड असतो. फोनवर HDMI Cable Certification हे ॲप घेऊन दुकानातच तो स्कॅन करता येतो. लेबल खरं आहे आणि तुमच्या लांबीच्याच केबलचं आहे, या दोन्ही गोष्टी बघा. साध्या तांब्याच्या केबलीत या प्रतीला तीन मीटरपर्यंत सहसा अडचण येत नाही, पाचच्या पुढे ऑप्टिकलचा विचार करावा. ऑप्टिकल केबलला दिशा असते. एक टोक कन्सोलचं, एक टीव्हीचं, तसं प्लगवर लिहिलेलं असतं. ती उलटी ओढली तर चित्रच येत नाही आणि भिंतीत गेल्यावर ही चूक फार महागात पडते.

कोथरूडच्या घरी भिंत फोडायचा प्रश्न आला नाही. पाइप रुंद होता, त्यामुळे जुन्या केबलच्या टोकाला दोरी बांधून नवी ऑप्टिकल केबल ओढून घेतली. पाइप अरुंद असता तर १२० ला चित्राचा आकार 1440p करून भागवता आलं असतं. तो भार फोर-केच्या निम्म्याहूनही कमी असतो आणि सोफ्याच्या अंतरावरून फरक फार जाणवत नाही.

तुमच्या घरी अजून प्लास्टर व्हायचं असेल तर दोन गोष्टी आत्ताच करून घ्या. वायरिंगवाल्याला टीव्हीसाठी ३२ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पाइप टाकायला सांगा आणि वळणं गोलाकार ठेवायला लावा. एचडीएमआयचा प्लग त्याच्या रबरी मुठीसकट २० च्या पाइपात शिरत नाही, २५ च्यातही अडकतो. आणि केबल पाइपात जाण्याआधी ती जमिनीवर पूर्ण पसरून, आपला कन्सोल आणि आपलाच टीव्ही दोन टोकांना लावून, वर सांगितलेल्या पडद्यांवर अर्धा तास चालवून बघा. ओढून झाल्यावर, भिंत बंद व्हायच्या आत, हीच परीक्षा पुन्हा एकदा घ्या. टेस्टरचे दिवे तोवर वायरिंगवाल्याला दाखवू द्या. सही मात्र दुसऱ्या परीक्षेनंतर करा.